परदेशी नुकत्याच गेलेल्या आणि एकट्या पडलेल्या मैत्रिणीला काय पाठवावं?

अबोली
आम्ही सहा मैत्रिणी. त्यातली एक नोकरीसाठी परदेशी गेली, एकटीच. तिथे तिच्या ओळखीचं कुणीही नाही. ऑफिसात दिवस निघून जातो म्हणते, पण शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ कुणाशी एक शब्द बोलणं होत नाही. ग्रुप कॉलवर विचारलं की "सगळं छान आहे" हे एकच उत्तर. मला एकटीला मात्र परवा रात्री तिचा मेसेज आला, "इथे मी आहे हे कुणाला कळतच नाही."

आम्ही वर्गणी काढली आहे, रक्कम बऱ्यापैकी जमली आहे. मोठा खोका भरून पाठवायचा विचार आहे: लोकरीचं ब्लँकेट, फ्रेम केलेले फोटो, टेबलावरचा दिवा, पॉवर बँक, आणि आम्हा सगळ्यांची हाताने लिहिलेली पत्रं. कंपनीने दिलेल्या तात्पुरत्या जागेत ती महिनाअखेरपर्यंत आहे.

प्रश्न दोन. खोक्यात काय असावं, काय नको? आणि दुसरा, जो मला जास्त छळतोय: अशा भेटीने एकटेपणा खरंच कमी होतो का, की आपल्यालाच काहीतरी केल्याचं समाधान मिळतं?

निळाई
चांगल्या प्रतीची बॅग द्या, चाकं मजबूत असलेली. सोबत कागदपत्रांसाठी पाउच आणि मानेची उशी. माझ्या भाच्याला दिली होती, विमानात फार उपयोग झाला म्हणाला.

झुळूक
निळाई, ती पोचलीसुद्धा हो! आता मानेची उशी दिली तर ती परतीच्या विमानाचाच विचार करेल :)

निळाई
अरे हो, मी "निघालेल्या" असं वाचलं. मग फोटोंना माझं मत. पण फ्रेम नको, काच फुटते.

चिंतामणराव
खोका बिनधास्त पाठवा. एकच काळजी घ्या, फॉर्मवर "भेटवस्तू" असं लिहा. भेटवस्तूला ड्यूटी लागत नाही. आम्ही मुलाला कायम असंच पाठवतो, आजवर एक पैसा भरावा लागलेला नाही.

वाटसरू
चिंतामणराव, तुम्ही म्हणता ते अर्धं बरोबर आहे. माझं रोजचं काम मालवाहतुकीच्या कागदपत्रांचंच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

"भेटवस्तू" या चौकटीत खूण केली म्हणजे एवढंच सांगितलं की हा विक्रीचा माल नाही. किंमत तरीही लिहावीच लागते, आणि सूट त्या किमतीवर ठरते. प्रत्येक देशाची मर्यादा निराळी. युरोपीय संघात एका माणसाने दुसऱ्याला पाठवलेल्या भेटीला ४५ युरोपर्यंत सूट आहे, ब्रिटनमध्ये ३९ पौंड, कॅनडात ६० डॉलर. म्हणजे रक्कम लहानच. तुमच्या मुलाकडे जाणारी पार्सलं त्या मर्यादेत बसत असणार. पाच जणींच्या वर्गणीचा खोका बसणार नाही. मग कर आणि त्यावर वाहतूक कंपनीचं हाताळणी शुल्क असं दोन्ही पार्सल घेणारीच्या माथी येतं. आधीच हिरमुसलेल्या मुलीला दारात "पैसे भरा, मग भेट घ्या" असा निरोप मिळतो. किंमत मुद्दाम कमी लिहा असं कुणी सुचवेल, ते करू नका. पार्सल हरवलं तर भरपाई लिहिलेल्या किमतीवरच मिळते, आणि कस्टम्सला संशय आला तर खोका अडकून पडतो.

अडकण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण वेगळंच असतं, मोघम वर्णन. "वैयक्तिक सामान" किंवा "गिफ्ट आयटम्स" असं लिहिलं की तपासणाऱ्याला काहीच बोध होत नाही. "लोकरीचं ब्लँकेट, १ नग, नवीन", "छापील फोटो, १२ नग" असं एकेका ओळीत लिहावं. पोस्टाचा फॉर्म लहान किमतीला सीएन२२ आणि मोठ्या किमतीला सीएन२३ असतो, दोन्हींत ही जागा असते. तिचा तिथला फोन नंबर आणि ईमेल अवश्य द्या. अडकलं की निरोप त्यावरच जातो.

पॉवर बँक काढून टाका. टपालाने सुटी लिथियम बॅटरी चालत नाही आणि पॉवर बँक ही सुटी बॅटरीच धरली जाते. ती एक वस्तू सापडली तर अख्खा खोका परत येऊ शकतो.

आणि सर्वांत महत्त्वाचं: महिनाअखेरपर्यंत जागा तात्पुरती असेल तर आत्ता मोठा खोका पाठवूच नका. कस्टम्समध्ये आठवडा गेला की खोका जुन्या पत्त्यावर आणि ती नव्या घरात.

सुतारपक्षी
दिव्याबद्दल. तिथला विजेचा दाब कोणता ते आधी बघा. काही देशांत २३० व्होल्ट, काहींत १२० च्या आसपास. दुकानात मिळणारा साधा अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, दाब बदलत नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. वस्तूवर "१००-२४० व्होल्ट" असं छापलेलं असेल तर कुठेही चालते, मोबाईलचे चार्जर असेच असतात. गरम होणाऱ्या वस्तूंवर मात्र बहुधा एकच दाब लिहिलेला असतो. २३० चा हीटर १२० वर लावला तर साधारण पाव ताकदीने चालेल, म्हणजे नसल्यासारखाच. उलट केलं तर जळेल. दिवा तिथूनच घेऊ दे तिला.

गवतफूल
मी स्वतः या वाटेने गेले आहे, म्हणून लिहिते.

पहिल्या महिन्यांत मला आलेल्या भेटींपैकी सगळ्यात जड गेली ती सगळ्यात मोठी. प्रेमाने पाठवलेला भला मोठा खोका. तेव्हा मी भाड्याच्या एका खोलीत होते, ठेवायला जागा नव्हती, आणि पुढचं घर मिळालं तेव्हा तो खोका घेऊन ट्राममधून दोन खेपा कराव्या लागल्या. उघडला तेव्हा तासभर खूप बरं वाटलं. मग खोली पुन्हा तशीच शांत झाली, आधीपेक्षा जरा जास्तच.

पत्रं मात्र वेगळी. माझ्या मित्राने लिफाफ्यांवर लिहून पाठवलं होतं, "ऑफिसात कुणी तुझं बोलणं मध्येच तोडलं त्या दिवशी उघड", "आजारी असशील तेव्हा उघड", "काहीच घडलं नाही अशा रविवारी उघड". तो रविवारचा लिफाफा मी जपून ठेवला होता. तो आहे, उघडला नाही तरी आहे, याचाच आधार होता.

आणखी एक. तिथे घरी कुणी नसलं की पार्सल शेजाऱ्याकडे ठेवून जात. मी कधी शेजारच्या दारावर टकटक केली नव्हती. एकदा एका छोट्या पाकिटामुळे करावी लागली. शेजारच्या आजींशी ते पहिलं बोलणं. त्यांनी नाव विचारलं. ते पाकीट कुणी पाठवलं होतं, त्यात काय होतं हे आता आठवत नाही, पण त्या आजी अजून ओळखीत आहेत.

वाटसरू
गवतफूल यांच्या पत्रांवरून सुचलं. अबोली, पत्रं खोक्यात घालू नका. नुसत्या पत्रांचा लिफाफा काही ग्रॅमचा, त्याला कर नाही, तो वेगळा जाऊ द्या. खोका अडकला तरी पत्रं पोचतील. आणि पत्रपेटीवर तिचं नाव लावलं आहे का ते विचारा. जर्मनीसारख्या ठिकाणी मोठ्या इमारतीत फ्लॅटला क्रमांक नसतो, टपाल पेटीवरचं आडनाव बघूनच टाकतात. नाव नसेल तर पत्र परत.

झुळूक
रविवारचा लिफाफा. हे मी चोरणार.

पारिजात
अबोलीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी आलं नाही, म्हणून मी येते. मी समुपदेशनाच्या क्षेत्रात आहे, स्थलांतरित लोकांबरोबर बरंच काम केलं आहे.

अमेरिकेतल्या कान्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचा एक भाग अगदी अशाच लोकांवर होता: गेल्या सहा महिन्यांत नव्या गावी राहायला आलेली आणि मित्र शोधणारी प्रौढ माणसं. नव्या ओळखीच्या माणसाबरोबर किती तास घालवले आणि नातं कुठवर आलं, हे त्यांनी विचारलं. नुसत्या ओळखीचा वरवरचा मित्र व्हायला साधारण ५० तास, मित्र म्हणावा असं व्हायला ९० च्या आसपास आणि जवळचा मित्र व्हायला २०० च्या वर. आणि कामाच्या निमित्ताने शेजारी बसलेले तास फारसे उपयोगी पडत नव्हते. एकत्र हसणं, खेळणं, निवांत बसणं यातले तास उपयोगी पडत होते. म्हणजे तुमच्या मैत्रिणीचं ऑफिस भरलेलं असूनही शनिवार रिकामा का, याचं उत्तर त्यात आहे.

हे आकडे लोकांनी आठवून सांगितलेल्या तासांवरून काढलेले आहेत आणि माणसं अमेरिकेतली होती, तेव्हा ते काट्यावर मोजल्यासारखे धरू नका. पण दिशा कळते. नव्या गावात माणसं भेटतात, पण *तीच* माणसं *पुन्हा* भेटत नाहीत. म्हणून माझं मत असं की वर्गणीचा मोठा भाग तिला त्याच चार माणसांबरोबर आठवड्याला ठरलेले दोन तास मिळतील अशा गोष्टीत घाला. नाटकाचं तिकीट, एक दिवसाची सहल, संग्रहालयाचा पास यांनी संध्याकाळ छान जाते, पण पुढच्या शनिवारी ती माणसं नसतात.

भटका
पारिजात, आदर ठेवून असहमत. तिने लिहिलंय, "इथे मी आहे हे कुणाला कळतच नाही." ती नवे मित्र मागत नाहीये. तिला ओळखणारी माणसं लांब गेली आहेत, त्याचं दुःख आहे. अशा वेळी तिच्या हातात कुठल्याशा वर्गाची पावती ठेवणं म्हणजे "जा, आता दुसरे शोध" असं सांगणं. मी अबोल माणूस आहे. मला कुणी असं काही भेट दिलं असतं तर मी वर्गालाही गेलो नसतो आणि न गेल्याचं ओझंही वाहिलं असतं.

अनुजा_क
भटका +१. आणि तिसऱ्या महिन्यात सगळ्यांनाच असं होतं, त्याचा शास्त्रीय आलेख आहे ना, इंग्रजी यू अक्षरासारखा. आधी मजा, मग खाली, मग आपोआप वर. तेव्हा फार काही करू नका, थोडं थांबा.

पारिजात
अनुजा, तो आलेख नॉर्वेचे स्वेर्रे लिसगार्ड यांच्या १९५५ च्या लेखातून आला. अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन अभ्यासकांना त्यांनी विचारलं होतं, आणि त्यात खालचा टप्पा सहा ते अठरा महिने राहिलेल्यांचा होता, तिसऱ्या महिन्याचा नव्हता. पुढे १९९८ मध्ये कॉलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडला आलेल्या जपानी विद्यार्थ्यांना पोचल्याबरोबर आणि नंतर वर्षभर टप्प्याटप्प्याने विचारलं, तर सर्वांत जास्त त्रास अगदी सुरुवातीला निघाला. तेव्हा "आपोआप वर येईल" यावर विसंबून राहू नये. सगळ्यांना लागू होईल असं वेळापत्रक कुणाकडे नाही.

भटका यांच्या मुद्द्यात मोठं तथ्य आहे, ते मी नीट मांडते. रॉबर्ट वाइस यांनी १९७३ मध्येच दोन प्रकारचे एकटेपण वेगळे केले. एकात जिवाभावाच्या माणसाची उणीव असते, दुसऱ्यात आजूबाजूला आपलं वर्तुळ नसण्याची. त्यांचं म्हणणं असं की एकाची भरपाई दुसऱ्याने होत नाही. वर्गातली वीस माणसं तुमच्यासारख्या पाच जणींची जागा घेणार नाहीत. आणि तुम्ही पाच जणींनी रोज फोन केला तरी तिच्या इमारतीत तिला नावाने हाक मारणारं कुणी तयार होणार नाही. "मी आहे हे कुणाला कळत नाही" हे वाक्य मला दुसऱ्या प्रकारचं वाटतं, भटका यांना पहिल्या प्रकारचं. दोघांनीही अंदाज बांधण्यापेक्षा अबोलीने तिला विचारलेलं बरं.

भटका
हे पटलं. पण वर्गाच्या पावतीबद्दलचा आक्षेप कायम.

गवतफूल
मला दोन्ही होतं. रात्री एक, शनिवारी दुसरं.

अबोली
इतकं सगळं वाचून थक्क झाले. पारिजातताई, समजा तिला वर्गच हवा असेल, तर इतक्या लांबून निवडायचा कसा? नेमकं काय बघायचं?

पारिजात
माझ्या मावसबहिणीसाठी आम्ही केलं होतं, तेच सांगते.

आधी तिला विचारलं: मातीची भांडी, समूहगायन, की बोर्डगेमचा गट? ती म्हणाली, माती, कारण तिथे फार बोलावं लागत नाही. (भटका, अबोल माणसांसाठी हा मुद्दा आहे. हात कामात असले की गप्प बसणं अवघड वाटत नाही आणि बोलणं आपोआप निघतं.) मग तिच्या घरापासून पायी किंवा एका ट्रामने जाता येईल एवढ्याच जागा पाहिल्या. पाऊस, अंधार आणि दोन बस बदलणं, यापुढे उत्साह टिकत नाही.

मिळालेल्या तीन ठिकाणांपैकी एक अगदी सुसज्ज होतं, पण तिथे "केव्हाही या, तासाचे पैसे भरा" अशी पद्धत. ते सोडलं, कारण दर वेळी वेगळी माणसं. दुसऱ्या ठिकाणी वर्षानुवर्षं येणाऱ्यांचा गट होता, म्हणजे सगळे एकमेकांचे आणि ही एकटी नवी. तिसरं साधंच, पण नवशिक्यांची बॅच, दहा आठवडे, आठवड्याला दोन तास, माणसं ठरलेली, सगळे पहिल्या दिवशी सारखेच अनोळखी. ते घेतलं. पैसे भरण्याआधी ईमेलने दोन गोष्टी विचारल्या: ती आली नाही तर जागा दुसऱ्याच्या नावावर करता येईल का, आणि पुढच्या बॅचला ढकलता येईल का. दोन्हींना हो आल्यावरच भरले. आणि तिला स्पष्ट सांगितलं की दोनदा जाऊन आवडलं नाही तर सोड, आम्ही विचारणार नाही.

आता हिशोब बघा. दहा आठवडे, दोन तास, म्हणजे वीस तास. हॉल यांच्या ५० च्या निम्मेही नाहीत. म्हणून नुसता वर्ग पुरत नाही, वर्गानंतरचा अर्धा-पाऊण तास लागतो. मातीकामात ती सोय आपसूक निघाली. भांडं घडवल्यावर आठवडाभर वाळतं, मग साधारण हजार अंशांच्या भट्टीत एकदा भाजतात, मग झिलई लावून पुन्हा भाजतात. म्हणजे बॅच संपली तरी भांडी घ्यायला परत जावं लागतं, आणि सगळे एकाच दिवशी घ्यायला येतात. त्या दिवशी तिघींनी पुढची बॅच एकत्र घ्यायचं ठरवलं. त्या तिघींतली एक आज तिची जवळची मैत्रीण आहे, दुसरी गाव सोडून गेली, तिसरीशी नुसता नमस्कार.

अनुजा_क
मग भाषेचा वर्ग का नको? दोन्ही कामं होतील.

गवतफूल
होतात. आमच्या भाषेच्या वर्गात सगळेच नवखे, म्हणून पहिल्याच तासाला गट्टी जमली. अडचण एकच, सहा महिन्यांत निम्मे दुसऱ्या गावी किंवा मायदेशी गेले. स्थानिक माणूस त्यात एकच, शिक्षिका.

चिंतामणराव
वाटसरू, तुमचं वाचून मुलाला विचारलं. तो म्हणतो, दोनदा त्याने पैसे भरले होते, आम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही. सगळ्यांना कळावं म्हणून लिहिलं.

झुळूक
चिंतामणराव, गुणी मुलगा आहे तुमचा.

रेवा
मी फोनबद्दल लिहिते, कारण त्याला वर्गणीही लागत नाही.

पाच जणी आणि एक ती, असा ग्रुप कॉल म्हणजे तिच्यासाठी स्टेज आहे. पाच चेहऱ्यांसमोर "छान आहे" हेच तोंडातून येणार. तुम्हालाही मेसेज एकटीलाच आला ना? तेव्हा वार वाटून घ्या. एकीने एकच वार, पण तो चुकवायचा नाही. आणि फोन लावून बोलायलाच हवं असंही नाही. मी आणि माझी बहीण फोन चालू ठेवून आपापलं काम करतो, ती कपड्यांच्या घड्या घालते, मी वाचते. मध्येच एखादं वाक्य.

वेळ ठरवताना तिच्या घड्याळाने ठरवा. बऱ्याच देशांत वर्षातून दोनदा घड्याळ तासाने सरकवतात, आणि सगळे एकाच दिवशी सरकवत नाहीत. युरोपात मार्च आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, अमेरिकेत मार्चचा दुसरा आणि नोव्हेंबरचा पहिला. तुमच्याकडे घड्याळ बदलत नसेल तर फरक एका तासाने वाढतो किंवा घटतो, आणि ठरलेल्या वेळी तुम्ही वाट बघत बसता किंवा ती बसते. फोनच्या कॅलेंडरमध्ये नोंद करताना टाइमझोन तिच्या शहराचा निवडा, मग तुमच्याकडची वेळ आपोआप सरकते. एकट्या माणसाला ठरलेला फोन एक तास न येणं फार लागतं.

भटका
रेवा, हे मला मनापासून पटलं. न बोलता चालू ठेवलेला फोन.

सुतारपक्षी
बोर्डगेमचा उल्लेख वर आला. चार जणांचा छोटा खेळ पाठवायला हरकत नाही. हलका, बॅटरी नाही, वीज नाही, आणि एकटीने खेळता येत नाही.

अनुजा_क
एकटीने खेळता येत नाही हे वाईटच की! कपाटात पडून रोज आठवण करून देईल.

सुतारपक्षी
हं. तसं बघितलं नव्हतं. नवं घर आणि एखादी ओळख झाल्यावर पाठवा मग.

निळाई
तिथल्याच दुकानातून ऑनलाइन मागवून तिच्या पत्त्यावर का नाही पाठवत? मी आता नीट वाचलंय :) कस्टम्सची कटकटच नाही.

वाटसरू
निळाई, अगदी योग्य. दोन अडथळे येतात. काही दुकानं दुसऱ्या देशाचं कार्ड घेत नाहीत, ते पैसे भरण्याच्या शेवटच्या पायरीवर कळतं. आणि गिफ्ट कार्ड घेताना ते त्या देशाच्या दुकानाचंच घ्या. एकाच कंपनीचं असलं तरी एका देशात घेतलेलं कार्ड दुसऱ्या देशातल्या दुकानात बहुधा चालत नाही.

अबोली
काल रात्री तिच्याशी दोघीच बोललो, बराच वेळ. सरळ विचारलं, तुला काय हवंय. आधी "काही नको", मग हळूहळू बोलली.

माती, गाणं, काही नको म्हणाली. घराजवळ एक बॅडमिंटनचा हॉल आहे, येता-जाता काचेतून लोक खेळताना दिसतात, आत जायचं धाडस होत नाही. शाळेत ती खेळायची. तिथे नवशिक्यांचा गट आहे, पुढची तुकडी पुढच्या महिन्यात सुरू होते, तोवर ती नव्या घरात गेलेली असेल. रॅकेट आणि बूट तिथूनच घ्यायचे, पैसे आम्ही पाठवणार. मापाचे बूट लांबून पाठवण्यात अर्थ नाही.

पत्रं आजच लिहायला घेतली. लिफाफ्यांवर काय लिहायचं यावरून आमच्यात जोरदार वाद चालू आहे. पत्रपेटीवर नाव नव्हतंच तिचं! चिठ्ठी चिकटव म्हणून सांगितलं. वारही वाटले, मला बुधवार मिळाला.

भटका, तुम्ही म्हणालात तेही खरं निघालं. तिने एकदा विचारलं, "मी तिथे रमले तर तुम्ही फोन कमी कराल का?"

भटका
मग वार कायमचे ठेवा. रॅकेट मिळाल्यावरही.

पारिजात
त्या हॉलला पैसे भरण्याआधी एक विचारा: जोड्या दर वेळी बदलतात की आपला जोडीदार आपण आणायचा? काही ठिकाणी दुसरी पद्धत असते, आणि एकटी आलेली व्यक्ती बाकावर बसून राहते. जोड्या फिरवत असतील तर उत्तम, एका संध्याकाळी पाच-सहा जणांशी खेळून होतं. खेळ संपल्यावर लोक लगेच पांगतात की थांबतात, हे तिलाच एकदा बाहेरून बघू दे. ती रोज तिथून जातेच आहे.

गवतफूल
आणि पहिल्या दिवशी तुमच्यापैकी कुणीतरी ती हॉलच्या दारापर्यंत चालत जाईपर्यंत फोनवर राहा. आत गेली की ठेवा.

अबोली
हे नक्की. जोड्यांचं आजच विचारायला सांगते. आता राहिलं फक्त ब्लँकेट. आम्ही ते घेऊन ठेवलंय, तिच्या आवडत्या रंगाचं आहे आणि तिलाही हवंय. वाटसरू, नव्या पत्त्यावर कुरियरने पाठवायचं तर?

वाटसरू
पाठवा, फक्त खोक्याचं माप बघा. कुरियरवाले वजन आणि आकारमान यांतलं जे जास्त भरेल त्याचे पैसे घेतात. सेंटीमीटरमध्ये लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार करून बहुतेक कंपन्या ५००० ने भागतात. ब्लँकेट दोन किलोचं असेल आणि खोका ४० बाय ३० बाय २५ चा, तर आकारमानाने ते सहा किलो होतं, म्हणजे तिप्पट. तेच हवा काढायच्या पिशवीत दाबून १० सेंटीमीटर उंचीत बसवलं तर २.४ किलो. पिशवी घट्ट बंद करा, वाटेत हवा शिरली तर खोका फुगतो. किंमत खरी लिहा, मर्यादेच्या वर जात असेल तर तिला आधीच सांगा की एवढा कर येईल, आणि ती रक्कम रॅकेटच्या पैशांबरोबर पाठवून द्या.

अबोली
पिशवी आणायला निघाले. रंग विचारू नका, तिला अजून सांगितलेला नाही.